चोवीस लाखांत शाळा किती?

जिल्हा परिषदेच्या शाळेमागे कंपनीने बांधून दिलेलं मुलींचं स्वच्छतागृह असतं. भिंतीवर कंपनीच्या नावाचा फलक, फलकाखाली दार आणि दाराला कुलूप. किल्ली मागितली की मुख्याध्यापिका बाई थोड्या अवघडतात. "पाणी नाही ना आत, म्हणून बंद ठेवतो. उघडं ठेवलं तर दोन दिवसांत जवळ जाववत नाही," असं त्यांचं म्हणणं असतं आणि ते खरं असतं. आतल्या फरश्या अजून चकचकीत असतात. सातवीतल्या मुली मात्र मधल्या सुट्टीत घरी जातात, आणि महिन्यातले काही दिवस शाळेतच येत नाहीत.

असे प्रकार तुरळक नाहीत. १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बांधण्याची घोषणा केली. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी आपल्या सामाजिक निधीतून सुमारे १ लाख ४० हजार स्वच्छतागृहं बांधल्याचं सांगितलं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, १५ राज्यांतल्या २,६९५ स्वच्छतागृहांची प्रत्यक्ष पाहणी केली. त्याचा अहवाल २०२० मध्ये संसदेसमोर आला. काही स्वच्छतागृहं जागेवर नव्हतीच, काही अर्धवट होती. जी पूर्ण बांधलेली आढळली, त्यांपैकी सुमारे ३० टक्के वापरात नव्हती आणि ७२ टक्क्यांत आत नळाचं पाणी नव्हतं. निम्म्याहून अधिक ठिकाणी हात धुण्याची सोय नव्हती.

या चुकीचं मूळ बांधकामाच्या जागेवर क्वचितच असतं. विटा येण्याच्या सहा महिने आधी, कंपनीच्या कार्यालयात अंदाजपत्रक मांडलं जातं, तिथेच ती होऊन गेलेली असते. वर्षाला खर्चायची रक्कम ठरलेली असते आणि त्या रकमेत जास्तीत जास्त शाळा बसवायच्या असतात. मग अंदाजपत्रकातून सगळ्यांत आधी काय गळतं, तर पाणी आणि झाडू.

आधी ही रक्कम ठरते कशी ते पाहू. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिने लगेच आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. तिन्हींपैकी एक अट लागू झाली तरी पुरे. कायद्यातला शब्द 'किमान' आहे. तरी बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक बजेटमध्ये हीच रक्कम कमाल मर्यादा होऊन बसते. संचालक मंडळ २ टक्क्यांना मंजुरी देतं आणि त्यापुढचा एक रुपयाही काढायचा तर पुन्हा मंडळापुढे जावं लागतं. त्यामुळे प्रकल्पाचा खर्च मांडणाऱ्याच्या दृष्टीने २ टक्के हे छतच असतं.

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी डोळ्यांसमोर आणू. कंपनी कल्पनेतली आहे, पण आकडे अशा कंपन्यांत दिसतात तसेच. गेल्या तीन वर्षांचा करपूर्व नफा १०.२ कोटी, ११.३ कोटी आणि १६.५ कोटी. तिसऱ्या वर्षाच्या आकड्यात २ कोटी रुपये जुना भूखंड विकून आलेले आहेत. सामाजिक निधीसाठीचा नफा कलम १९८ च्या रीतीने मोजतात. त्यात जमीन विकून झालेला भांडवली फायदा धरत नाहीत आणि आयकर वजा करत नाहीत. म्हणून तिसऱ्या वर्षाचा आकडा १४.५ कोटी होतो. तिन्हींची बेरीज ३६ कोटी, सरासरी १२ कोटी आणि २ टक्के म्हणजे २४ लाख रुपये.

चुकीची पहिली जागा हीच. ताळेबंदातल्या ठळक आकड्यावरून, म्हणजे कर वजा जाता उरलेल्या नफ्यावरून कोणी हिशेब केला, तर सरासरी ९ कोटींच्या आसपास येते आणि निधी १८ लाखच दिसतो. उरलेले ६ लाख मार्चअखेर लेखापरीक्षकाच्या नजरेला येतात आणि मग घाईघाईने ते कुठेतरी टाकले जातात. घाईच्या खर्चात शाळेच्या गरजेचा विचार होत नाही. ही सरासरी मागच्या वर्षांची असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यातच ती काढता येते. त्यासाठी थांबण्याचं काहीच कारण नसतं.

तर २४ लाख रुपये हातात आहेत. कंपनीच्या आसपासच्या सहा गावांतून मुलींच्या स्वच्छतागृहाची मागणी आली आहे. खरेदी विभाग ठेकेदाराकडून कोटेशन मागवतो. तीन शौचकूप, मुताऱ्या, हात धुण्याचा ओटा आणि सेप्टिक टँक, असं एका शाळेचं काम ३ लाख ५० हजारांत. सहा शाळांचे २१ लाख. तीन लाख वर शिल्लक! बैठकीत सगळ्यांचे चेहरे खुलतात. उरलेल्या पैशांत कार्यक्रम आणि फलक होतील, असंही ठरून जातं.

त्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'जीएसटी वेगळा'. कारखान्यासाठी कच्चा माल घेताना खरेदी विभाग जीएसटी मनात धरत नाही, कारण भरलेला कर पुढे वळता करून मिळतो. तीच सवय इथे अंगाशी येते. कलम १३५ च्या कामासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवांवरच्या कराचं क्रेडिट १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीला स्पष्टपणे नाकारलेलं आहे. त्यामुळे बांधकामावरचा १८ टक्के जीएसटी हा पूर्ण खर्चच धरावा लागतो. साडेतीन लाखांवर ६३ हजार, म्हणजे एका शाळेचे ४ लाख १३ हजार. सहा शाळांचे २४ लाख ७८ हजार होतात. पाण्याचा एक थेंब येण्याआधीच मर्यादा ओलांडली गेली.

जाणकार माणूस इथे थांबतो आणि शाळेत जाऊन येतो. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अंदाजपत्रक करूच नये. टाकी कुठे बसेल, तिथवर पाणी कशाने चढणार, विजेचं मीटर चालू आहे की बिल थकल्यामुळे तोडलेलं आहे, हे कागदावर कळत नाही. कूपनलिका आहे पण मोटार नाही, मोटार आहे पण टाकी नाही, अशी अवस्था नेहमीची असते. एक हजार लिटरची टाकी, मोटार, पाइप, नळ आणि वीजजोडणी मिळून करासह ७७ हजार रुपये धरले, तर एका शाळेचा भांडवली खर्च ४ लाख ९० हजार होतो. कूपनलिकाच नसेल तर आकडा याच्या बराच वर जाईल, आणि पाणी लागेलच अशी खात्री कोणी देत नाही. अशी शाळा पहिल्या वर्षाच्या यादीत न धरणंच बरं.

जमिनीचंही तसंच. एका जागी मुरूम असतो, तीन फुटांवर पाया बसतो. दुसरीकडे ठेकेदार कुदळ मारताच सांगतो, "साहेब, काळी माती आहे. पाया खाली न्यावा लागणार, नाहीतर पावसाळ्यानंतर भिंतीला भेग जाईल." काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे त्याचं म्हणणं बरोबर असतं. पण खोल पाया म्हणजे जास्त खोदाई आणि जास्त काँक्रीट. डोंगराकडच्या वाडीत ट्रक जात नसेल तर वाळू-विटांची चढउतार ट्रॅक्टरने होते, त्याचे पैसे वेगळे. म्हणून एकाच कोटेशनला शाळांच्या संख्येने गुणणं धोक्याचं असतं. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा शाखा अभियंता राज्याच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक करून देऊ शकतो. ठेकेदाराचा दर त्याच्याशी ताडून पाहिला की कुठे जास्त लावलंय आणि कुठे संशयास्पद कमी आहे, ते लगेच दिसतं. कमी दराची खूण बहुतेकदा सेप्टिक टँकमध्ये सापडते. कोटेशनमध्ये 'सेप्टिक टँक' एवढाच शब्द असतो, लांबी-रुंदी-खोली नसते. मग जागेवर छोटासा खड्डा होतो आणि वर्षभरात तुंबतो.

आता झाडूचा हिशेब. रोज दोन तास येणाऱ्या सफाई कामगार ताईंना महिना २,५०० रुपये धरले तर वर्षाचे ३० हजार. फिनाईल, साबण, ब्रश, बादल्या यांचे महिना ५०० प्रमाणे ६ हजार. तुटलेली कडी, गळका नळ, बिघडलेली मोटार, पॅडच्या विल्हेवाटीची व्यवस्था आणि विजेचं बिल यांसाठी १२ हजार. एका शाळेचे वर्षाला ४८ हजार, तीन वर्षांचे १ लाख ४४ हजार. बांधकामाच्या शेजारी ही रक्कम किरकोळ दिसते, म्हणूनच ती सहज कापली जाते. तिच्यामुळेच दार उघडं राहतं. कामावर देखरेखीला येणाऱ्या अभियंत्याच्या फेऱ्या आणि तपासणी यांचे शाळेमागे १६ हजार धरले की एका शाळेचा खरा खर्च ६ लाख ५० हजार होतो. सहा शाळांचे ३९ लाख, आणि हातात आहेत २४.

ही रक्कम पाहिल्यावर दोन रस्ते दिसतात. पहिला सोपा आहे. सहाचा आकडा धरून ठेवायचा आणि देखभाल 'गाव पाहील' म्हणून काढून टाकायची. टाकी ग्रामपंचायत बसवेल, असं तोंडी ठरवायचं. तरी पैसे पुरत नाहीत, मग फरशी हलकी, टँक लहान. वार्षिक अहवालात मात्र 'सहा शाळा' असं छापता येतं. कॅगने जी बंद दारं मोजली, त्यांच्या मागे असाच हिशेब दिसतो.

दुसरा रस्ता शाळा कमी करण्याचा आहे, आणि तोच बरोबर आहे. प्रत्येक शाळेचं काम पूर्ण ठेवायचं आणि संख्या कापायची. तीन शाळांचे साडेसहा लाखांप्रमाणे १९ लाख ५० हजार. काळी माती, वाहतूक, मधेच वाढणारे सिमेंटचे भाव यांसाठी आकस्मिक खर्च म्हणून दीड लाख. हा भांडवली खर्चाच्या साधारण दहावा भाग झाला, ज्या कामात जमीन खोदायची आहे तिथे तो जास्त नाही. बेरीज २१ लाख. उरतात ३ लाख, आणि त्यांत चौथं बांधकाम बसत नाही.

शाळा फिरून पाहिल्याचा उपयोग इथे होतो. उरलेल्या तीन शाळांपैकी एका ठिकाणी जुनं स्वच्छतागृह धडधाकट उभं आहे, फक्त पाण्यावाचून बंद पडलंय. तिथे बांधकाम नकोच. पाण्याची सोय ७७ हजार आणि तीन वर्षांची सफाई १ लाख ४४ हजार, मिळून २ लाख २१ हजार. नव्या इमारतीच्या जवळजवळ एक तृतीयांश पैशांत चौथ्या शाळेतल्या मुलींची सोय झाली. बंद पडलेलं चालू करणं या कामात सगळ्यांत स्वस्त पडतं. पण फोटोत ते नवं दिसत नाही, म्हणून कोणी सुचवत नाही. सुचवायला हवं.

एकूण २३ लाख २१ हजार झाले. राहिलेले ७९ हजार कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चासाठी. या खर्चाला नियमाने एकूण सामाजिक खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. २४ लाखांवर ती १ लाख २० हजार येते, आणि मर्यादा आहे म्हणून ती पूर्ण वापरलीच पाहिजे असं नाही. गोंधळ होतो तो नेमकं काय यात मोडतं यावरून. विभागाच्या व्यवस्थापकाचा पगार आणि कार्यालयाचं भाडं प्रशासकीय. एखाद्या ठराविक प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी आणि देखरेख यांचा थेट खर्च प्रकल्पाचा, म्हणून अभियंत्याच्या फेऱ्या शाळेच्या हिशेबात आल्या. कर्मचाऱ्यांनी रविवारी येऊन भिंत रंगवली तर ते छानच, पण त्यांच्या वेळेची किंमत लावून ती सामाजिक खर्चात दाखवता येत नाही. कारखान्यातल्या जुन्या टेबल-खुर्च्या दिल्या तर त्यांचंही तसंच.

पैशांचा मेळ बसला, तरी कॅलेंडरचा बसवायचा राहतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण तोवर मंजुरी क्वचितच हाती येते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, जिल्हा परिषदेचा ना हरकत दाखला हे होईपर्यंत पाऊस लागतो. खोदाई दिवाळीनंतर सुरू होते आणि काम फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतं. ३१ मार्चला हिशेब मांडला तर तीन शाळांचं बांधकाम आणि पाणी १४ लाख ७० हजार, देखरेख ४८ हजार, आकस्मिक दीड लाख, चौथ्या शाळेचं पाणी ७७ हजार आणि प्रशासकीय ७९ हजार, असे १८ लाख २४ हजार खर्च झालेले असतात. प्रशासकीय रक्कम या कमी आकड्याशी ताडली तरी ५ टक्क्यांच्या आत राहते, १ लाख २० हजार घेतले असते तर राहिली नसती. उरले ५ लाख ७६ हजार. तीन वर्षांची सफाई.

या शिल्लक रकमेच्या भीतीनेच अनेक कंपन्या देखभालीचा खर्च धरत नाहीत. न खर्चलेला पैसा नियमभंग ठरेल, असं त्यांना वाटतं. २०२१ पासून नियम कडक झाले हे खरं. साध्या प्रकल्पाची उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सातव्या अनुसूचीतल्या सरकारी निधीत भरावी लागते. चुकवली तर भरायच्या रकमेच्या दुप्पट किंवा १ कोटी रुपये, यांपैकी कमी असेल तेवढा दंड होतो. पण चालू प्रकल्पाची वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प, अशी नोंद संचालक मंडळाने आधीच केली, तर उरलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत बँकेत उघडलेल्या खास 'अनस्पेंट सीएसआर' खात्यात टाकायची आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची. चार शाळांचे वर्षाला १ लाख ९२ हजार, तीन वर्षांत ५ लाख ७६ हजार, बरोबर संपतात. अडचण तेव्हाच येते, जेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणाला तरी देखभालीची आठवण होते आणि मंडळाच्या ठरावात प्रकल्प एकाच वर्षाचा असतो.

आणखी एक पळवाट काही जण काढतात. सगळी रक्कम मार्चमध्ये एखाद्या संस्थेच्या खात्यात टाकायची आणि खर्च झाला म्हणायचं. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ही वाट बंद केली आहे. संस्थेला पैसे दिले म्हणजे खर्च झाला असं होत नाही, संस्थेने ते कामावर वापरले पाहिजेत. संस्थेकडे मंत्रालयाची सीएसआर नोंदणी हवी हेही आलंच. आणि स्वच्छतागृह ही मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती जिल्हा परिषदेकडे सोपवायची असते. सोपवण्याच्या करारातच चौथ्या वर्षापासून सफाई कोण करणार हे लिहून घ्यावं. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतला एक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून मिळतो, तेव्हा ग्रामपंचायतीची सही त्या करारावर असावी.

कधी आकस्मिक निधी अपुरा पडतो आणि खर्च २४ च्या जागी साडेचोवीस लाखांवर जातो. तेव्हा नळ कापायची गरज नसते. वरचे ५० हजार संचालक मंडळाने ठराव केल्यास पुढच्या तीन वर्षांच्या बंधनातून वजा करता येतात. कायद्यातला तो 'किमान' शब्द इथे कामी येतो.

अशा अंदाजपत्रकाची परीक्षा कंपनीबाहेरचा माणूसही घेऊ शकतो. शाळा व्यवस्थापन समितीवर बहुसंख्य सदस्य पालकच असतात, आणि ना हरकत देण्याआधी कागद त्यांच्यासमोर येतो. तुम्ही अशा समितीवर असाल तर कंपनीच्या माणसांकडे पूर्ण अंदाजपत्रक मागा. त्यात पाण्याची ओळ आहे का, सफाईचे महिन्याचे पैसे आणि वर्षं लिहिली आहेत का, विजेचं बिल कोणाच्या नावे आहे, एवढं बघा. यातलं एकही नसेल, तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलायला सांगा आणि तोवर सही करू नका.